डिगॉक्सिनच्या आलेखातला वाक

समजा, साठ किलो वजनाच्या एका हृदयरुग्णाला सकाळी आठ वाजता शिरेतून अर्धा मिलिग्रॅम डिगॉक्सिन दिलं. दहा वाजता कोणीतरी रक्त घेतलं आणि प्रयोगशाळेचा आकडा आला ३.५५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. या औषधाची पातळी २ च्या वर गेली की विषबाधेची शंका घेतात. पण त्याच रुग्णाचं रक्त दुपारी चार वाजता घेतलं असतं तर आकडा आला असता १.०७, म्हणजे अगदी बेताचा. मधल्या सहा तासांत मूत्रपिंडांनी एवढं औषध बाहेर टाकलेलं नसतं. ते शरीरातच असतं, फक्त रक्तात नसतं.

हे नीट समजायला या रुग्णाच्या आकड्यांचा आलेख काढू. आकडे मी गणिताला सोयीचे घेतले आहेत, पण डिगॉक्सिन साधारण असंच वागतं. इंजेक्शननंतर एक तासाने पातळी ५.९८, दोन तासांनी ३.५५, चार तासांनी १.७१, आठ तासांनी १.०७, बारा तासांनी ०.९५, चोवीस तासांनी ०.७६ आणि अठ्ठेचाळीस तासांनी ०.४८.

साध्या आलेख कागदावर हे बिंदू मांडले तर आधी घसरगुंडी आणि मग जमिनीलगत सरपटणारी शेपटी दिसते. त्यातून फारसं हाती लागत नाही. म्हणून सेमी-लॉग कागद घ्यायचा. त्याच्या आडव्या अक्षावर वेळ नेहमीसारखी समान अंतराने असते, पण उभ्या अक्षावर ०.१ ते १ आणि १ ते १० या दोन्ही टप्प्यांना सारखीच उंची मिळते. बहुतेक औषधं दर तासाला ठरावीक मिलिग्रॅमने कमी होत नाहीत. उरलेल्याचा ठरावीक हिस्सा दर तासाला जातो. अशी घट या कागदावर सरळ रेषा होऊन उतरते. शरीर म्हणजे एकच कप्पा असता, तर आपल्या रुग्णाचे सगळे बिंदू एकाच रेषेत बसले असते.

ते बसत नाहीत. पहिले काही तास रेषा कड्यासारखी खाली येते, सहा-आठ तासांच्या सुमारास वाकते आणि तिथून पुढे हलक्या उतारावर सरळ जाते. हा वाकच सांगतो की किमान दोन कप्पे मानायला हवेत. स्वीडनच्या टॉर्स्टन टिओरेल यांनी १९३७ साली औषधाच्या शरीरातल्या प्रवासाची अशी गणिती मांडणी केली, आणि आजही विचाराची चौकट तीच आहे. एका नळीने जोडलेले दोन हौद डोळ्यांसमोर आणा. पहिला हौद लहान. रक्त आणि भरपूर रक्तपुरवठ्याचे अवयव त्यात येतात. औषध त्यातच ओतलं जातं आणि बाहेर काढणारी तोटीही त्यालाच आहे. दुसरा हौद प्रचंड मोठा. डिगॉक्सिनच्या बाबतीत तो मुख्यतः स्नायूंचा. हे कप्पे हिशेबासाठी मानलेले आहेत. शवविच्छेदनात बोट ठेवून दाखवता येतील असे नाहीत.

आता शेपटीपासून मागे येऊ, कारण आलेख वाचायचा तो उलट्या दिशेने. बारा तासांना ०.९५ आणि अठ्ठेचाळीस तासांना ०.४८, म्हणजे छत्तीस तासांत पातळी निम्मी झाली. हा निचऱ्याच्या टप्प्याचा अर्धायुकाल. पट्टी ठेवून ही रेषा मागे शून्य तासापर्यंत वाढवली की ती उभ्या अक्षाला १.२ वर भेटते. वाढवलेल्या रेषेवर पहिल्या तासाला १.१८ आणि दुसऱ्या तासाला १.१५ अशा किमती मिळतात. मोजलेल्या आकड्यांतून त्या वजा करू: ५.९८ मधून १.१८ गेले, उरले ४.८, ३.५५ मधून १.१५ गेले, उरले २.४. तासाभरात बरोबर निम्मे. उरलेले आकडे त्याच कागदावर मांडले की दुसरी, चांगली उभट रेषा मिळते आणि तिचा अर्धायुकाल एक तास. हा वितरणाचा टप्पा. मला ही वजाबाकी फार आवडते, कारण एका वाकड्या रेषेतून दोन सरळ रेषा केवळ पट्टी-पेन्सिलीने सुट्या होतात.

वजाबाकी न करता पहिल्या दोन तासांच्या उतारावरूनच अर्धायुकाल काढला, तर तो जेमतेम सव्वा तास येतो. त्यावर विसंबून कोणी दर चार तासांनी औषध देऊ लागला तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल. उलट, पहिलंच रक्त आठ तासांनी घेतलं तर वाक दिसणारच नाही आणि शरीर एकाच कप्प्याचं वाटेल. किती कप्पे दिसतात हे रक्त कधी कधी घेतलं यावरही ठरतं.

टप्प्यांच्या नावांनी मात्र फसू नये. वितरण चालू असतानाही मूत्रपिंडं औषध बाहेर टाकतच असतात, आणि निचऱ्याच्या टप्प्यातही दोन हौदांमधली ये-जा थांबलेली नसते. मूत्रपिंडांना साफ करता येतं ते फक्त रक्तात आलेलं औषध. आपल्या रुग्णात लहान हौदातल्या औषधाचा तासाला साधारण चौदा टक्के हिस्सा साफ होतो. एवढ्या वेगाने पाच तासांत पातळी निम्मी व्हायला हवी होती. छत्तीस तास लागतात, कारण मोठ्या हौदातून औषध झिरपत परत येत राहतं. वितरण संपल्यावर शरीरातल्या डिगॉक्सिनपैकी एक टक्काही रक्तद्रवात नसतं. म्हणूनच डिगॉक्सिनच्या विषबाधेत डायलिसिसचा उपयोग होत नाही. यंत्र रक्त धुतं आणि औषध स्नायूंत बसलेलं असतं. मूत्रपिंडं निकामी झाली तर शेपटीचा उतार आणखी सपाट होतो आणि अर्धायुकाल चार-पाच दिवसांवर जाऊ शकतो.

सुरुवातीच्या ३.५५ चं काय? डिगॉक्सिनचा परिणाम होतो हृदयाच्या स्नायूवर, आणि तो स्नायू या औषधापुरता दुसऱ्या हौदासारखा वागतो. दहा वाजता रक्तात पातळी जास्त होती तेव्हा हृदयात औषध पुरतं पोचलेलंही नव्हतं. त्यामुळे त्या वेळचा आकडा विषबाधाही सांगत नाही आणि गुणही सांगत नाही. रक्त आणि स्नायू यांच्यातलं प्रमाण स्थिरावल्यावर, म्हणजे रेषा वाक ओलांडून सरळ झाल्यावरच, रक्तातल्या आकड्यावरून हृदयातल्या औषधाचा अंदाज बांधता येतो. सगळीच औषधं अशी नसतात. थायोपेंटोन या भुलीच्या औषधाचं लक्ष्य मेंदू आहे आणि मेंदू पहिल्या हौदात मोडतो. तिथे रुग्ण काही सेकंदांत झोपतो आणि औषध स्नायूंकडे सरकू लागलं की काही मिनिटांत जागा होतो, शरीरातून ते फारसं गेलेलं नसतानाही.

गोळी घेतल्यावर आलेख इतका स्वच्छ दिसत नाही. आतड्यातून औषध शोषलं जात असतानाच वितरणही चालू असतं, त्यामुळे आधी चढ आणि मग उतार दिसतो. थांबायचं मात्र तेवढंच. घरात कोणी डिगॉक्सिनवर असेल आणि पातळी तपासायला सांगितली असेल, तर रक्त पुढच्या गोळीच्या आधी द्यावं, किंवा आधीच्या गोळीनंतर किमान सहा, शक्यतो आठ तास जाऊ द्यावेत. आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली व रक्त किती वाजता काढलं, या दोन्ही वेळा तपासणीच्या कागदावर आग्रहाने लिहून घ्याव्यात.