‘हॅलो’नंतरचे पहिले दहा सेकंद

अनोळखी माणसाला विक्रीसाठी केलेला फोन टिकणार की तुटणार, हे बहुतेक वेळा वस्तूचं नाव निघण्याआधीच ठरतं. ऐकणाऱ्याला कर्ज, विमा किंवा प्लॉट नको असतो म्हणून तो फोन ठेवतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याच कॉलमध्ये समोरून काय विकलं जातंय हे कळण्यापूर्वीच फोन कट होतो. याचं कारण टेलिफोनवरील संभाषणाच्या रीतीत शोधावं लागतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी फोनवरील संभाषणांच्या सुरुवातीचा बारकाईने अभ्यास केला आणि 1968 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीनुसार फोनची घंटा ही हाक असते आणि ‘हॅलो’ हे त्या हाकेला दिलेलं उत्तर. हाक मारणाऱ्याला ओ मिळाली की पुढे बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, कारण काम त्याचं असतं. फोन करणाऱ्याला आपण कोणाला फोन केला हे माहीत असतं. उचलणाऱ्याला मात्र समोर कोण आहे याचा पत्ता नसतो. म्हणून ‘हॅलो’ म्हणताच त्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात: कोण बोलतंय, मलाच का, आणि किती वेळ घेणार? ओळखीच्या माणसाच्या फोनमध्ये ही उत्तरं आवाजावरूनच मिळू लागतात. अनोळखी माणसाला ती शब्दांत द्यावी लागतात.

कॉल सेंटरमधून आलेल्या अनेक कॉलमध्ये पहिली चूक माणूस बोलण्याआधीच होते. तिथे टेलिकॉलर सहसा एकेक नंबर हाताने फिरवत नाही. ते काम डायलर नावाची यंत्रणा करते. सगळेच फोन उचलले जात नाहीत, म्हणून डायलर मोकळ्या टेलिकॉलरपेक्षा जास्त नंबर एकाच वेळी लावतो. समजा, वीस टेलिकॉलर मोकळे होणार आहेत आणि तीनपैकी एकच फोन उचलला जातो असा अंदाज आहे, तर साठ नंबर लावले जातात. कोणी ‘हॅलो’ म्हणालं की तो कॉल मोकळ्या टेलिकॉलरकडे वळवला जातो. त्याच्या कानात बारीक ‘बीप’ वाजतो, पडद्यावर ग्राहकाचं नाव येतं, ते वाचून तो बोलायला लागतो. या सगळ्यात सेकंद-दोन सेकंद जातात. अंदाज चुकून पंचवीस जणांनी फोन उचलला, तर पाच जणांच्या वाट्याला नुसती शांतता येते आणि कॉल आपोआप तुटतो.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सेकंदाचा पाव भागही पुरे होतो. तिथे दोन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. शिवाय पहिला ‘हॅलो’ टेलिकॉलरने अनेकदा ऐकलेलाच नसतो. उचलणारा पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ करतो, पलीकडून कॉल जोडल्याची खट्ट आणि हॉलमधला गलका ऐकू येतो, आणि हा एकाच वेळी अनेकांना लावलेला फोन आहे हे त्याच्या लक्षात येतं. ‘मलाच का’ या प्रश्नाचं उत्तर त्याला इथेच मिळतं: खास आपल्यासाठी हा फोन नाही. अमेरिकेतल्या टेलिमार्केटिंगच्या नियमांत या शांततेवर मर्यादा आहे. उचलणाऱ्याचं अभिवादन संपल्यापासून दोन सेकंदांत जिवंत माणूस जोडला गेला पाहिजे, आणि न जोडता सोडून दिलेल्या कॉलचं प्रमाण उचललेल्या कॉलच्या 3 टक्क्यांवर जाऊ नये, असा तो दंडक आहे.

दुसरी अडचण पहिल्या वाक्याची. पुण्यातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींना पाण्याच्या टाक्यांच्या सफाईसाठी फोन येतो असं धरू. नेहमीची स्क्रिप्ट अशी असते: ‘गुड आफ्टरनून सर, कसे आहात सर? सर, मी एका नामांकित कंपनीकडून बोलतेय. आपली दोन मिनिटं घेऊ शकते का?’ एवढं बोलायला सात-आठ सेकंद लागतात आणि तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ‘कसे आहात’ ही ओळखीच्या माणसाची चौकशी असते. अनोळखी आवाजाकडून ती आली की ऐकणारा सावध होतो. कंपनीचं नाव न सांगता ‘नामांकित’ म्हणणं ही लपवाछपवी वाटते. केवायसी संपल्याची थाप मारणारे भामटेही असंच मोघम बोलत असल्यामुळे संशय आणखी वाढतो. आणि ‘दोन मिनिटं’ कशासाठी हे न सांगता परवानगी मागितल्यावर ‘नाही’ म्हणणं हेच सगळ्यात सोपं उत्तर ठरतं.

त्याच सेक्रेटरींना दुसरा सफाईवाला स्वतः नंबर लावून फोन करतो. आपलं नाव आणि धंद्याचं नाव सांगून तो म्हणतो, ‘आपली ओळख नाही. मी टाक्या साफ करतो. गुरुवारी तुमच्या शेजारच्या सोसायटीत आमची माणसं येणार आहेत. पावसाळ्याआधी तुमच्याही टाक्यांचं काम काढायचं असेल तर दर सांगतो, नसेल तर फोन ठेवतो.’ कोण, हे पहिल्या वाक्यात आलं. मलाच का, याचं उत्तर शेजारच्या कामात आहे. किती वेळ, हेही कळलं, कारण नको म्हणायची वाट त्याने स्वतःच मोकळी ठेवली. ‘आपली ओळख नाही’ हे तीन शब्दही उपयोगी पडतात: हा माणूस कोण असावा हे आठवत बसण्याचा ताण ऐकणाऱ्याच्या मनावरून उतरतो.

शब्दांइतकीच चालही महत्त्वाची आहे. दिवसभर तीच स्क्रिप्ट म्हणणाऱ्याचा आवाज पाठांतरासारखा एका सुरात येतो, आणि मध्ये कोणी बोलू नये म्हणून तो दमही घेत नाही. ऐकणाऱ्याला बोलायला जागा मिळाली नाही की फोन कट करणं एवढंच त्याच्या हातात उरतं. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडते. मराठीत ‘हॅलो, कोण बोलतंय?’ विचारणाऱ्याला हिंदीतली तयार स्क्रिप्ट ऐकवली जाते, म्हणजे त्याने विचारलेला प्रश्न तसाच राहतो.

नेमकं कुठे बिघडतंय हे फोन कितव्या सेकंदाला तुटतो यावरून ओळखता येतं. एकही शब्द न ऐकता कॉल तुटत असतील तर दोष बहुधा डायलरच्या शांततेत असतो. पहिल्या वाक्याच्या मध्येच तुटत असतील तर ओळख धड दिली जात नाही. कामाचं कारण ऐकून झाल्यावर लोक नको म्हणत असतील, तर सुरुवात ठीक आहे. नंबरांची यादी चुकीच्या माणसांची आहे. सेक्रेटरीऐवजी भाडेकरूला टाकीबद्दल विचारलं, तर बोलणं कितीही चांगलं असलं तरी काम होणार नाही.

काही फोन तर उचललेच जात नाहीत, आणि तिथे पहिल्या वाक्याचा इलाज चालत नाही. भारतात जाहिरातीच्या कॉलसाठी 140 ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे नंबर पाहूनच अनेकांना हेतू कळतो. असे कॉल नकोत म्हणून 1909 वर नोंदणी करता येते. हे टाळण्यासाठी साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचे फोन केले, तर ते नियमाविरुद्ध आहे आणि त्याची तक्रारही 1909 वरच होते. ज्याने नोंदणी करून आधीच नकार कळवला आहे, त्याला परवानगीशिवाय फोन लावणं चूकच आहे, मग पहिलं वाक्य कितीही नीट बेतलेलं असो.