एक टॅब, सात पोरं आणि रिसेप्शनपर्यंतची दुपार

लग्नाच्या कार्यालयात पोरांची अडचण मुहूर्ताला होत नाही. तेव्हा हातात अक्षता असतात, अंतरपाटाच्या पलीकडे डोकवायचं असतं, नवरदेवाचे बूट लपवायचे असतात. अडचण होते ती पंगती उठल्यावर. दुपारी दोन-अडीचपासून संध्याकाळच्या रिसेप्शनपर्यंत काहीच घडत नाही. मोठी माणसं गाद्यांवर आडवी झालेली असतात, काकवा-माम्या साड्या बदलत असतात आणि जिन्यावरून घसरगुंडी सुरू होते. मग कुणीतरी बॅगेतून टॅब काढतं आणि पाच मिनिटांत पहिलं रडणं ऐकू येतं.

या रडण्याचं कारण साधं आहे. समजा सात पोरं आहेत आणि गाडी पळवायचा एखादा खेळ आहे. एकाचा डाव दोन मिनिटं चालला, तरी पुन्हा नंबर यायला बारा मिनिटं लागतात. पाच वर्षांच्या पोराला बारा मिनिटं म्हणजे अख्खी दुपार. म्हणून खेळ निवडताना तो किती रंगतदार आहे हे नंतर बघा. ज्याच्या हातात टॅब नाही तो त्या वेळात काय करणार, हे आधी बघा.

लूडो आठवणं साहजिकच आहे. २०१६ साली आलेला लूडो किंग एकाच टॅबवर, इंटरनेटशिवाय, सहा जणांपर्यंत खेळता येतो, आणि पाळी काही सेकंदांत संपत असल्यामुळे थांबावं लागत नाही. पण डाव लांबतो. मध्येच ‘फॅमिली फोटोला चला’ अशी हाक आली की दोघं उठून जातात आणि उरलेल्यांचं त्यांच्या सोंगट्यांवरून वाजतं. दोन-तीनच पोरं असतील तर लूडो उत्तम. घोळका असेल तर ज्यात कुणी मध्येच उठलं तरी बिघडत नाही असा खेळ हवा.

असा एक खेळ घरीच बनवता येतो, त्याला कुठलंही ॲप लागत नाही. आदल्या रात्री टॅबवर एक वेगळा अल्बम करा आणि त्यात लग्नाला येणाऱ्या नातेवाइकांचे तीस-चाळीस फोटो टाका. आजी, मोठे काका, नवरीची मैत्रीण, सगळ्यांना दटावणारे एखादे मामा, हवं तर स्वयंपाकघरातले आचारीसुद्धा. टॅब खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा ठेवायचा. त्याच्याकडे पाठ करून एक पोर बसतं, बाकीची समोर. फोटो सगळ्यांना दिसतो, फक्त बसलेल्याला दिसत नाही. त्याने प्रश्न विचारायचे आणि समोरच्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. ‘नवऱ्याकडचा आहे का?’ ‘चष्मा आहे का?’ ‘आज फेटा बांधलाय का?’ दहा प्रश्नांत नाव आलं नाही तर पुढचा भिडू.

गंमत अशी की या खेळात टॅबला जवळपास कुणी हातच लावत नाही. तो पत्त्यांच्या कॅटसारखा वापरला जातो आणि एका वेळी सहा तोंडं चालू असतात. चार वर्षांच्या पोराला प्रश्न रचता येत नाहीत, पण ‘हो!’ आणि ‘नाही!’ ओरडता येतं. पुढचा फोटो सरकवायचं काम त्यालाच द्या, ते मानाचं काम असतं. फेटा आहे की नाही यावर वाद झाला की दोघं पळत जाऊन बघून येतात, तेवढाच वेळ जातो. दोन्ही पक्षांची पोरं एकत्र असतील तर फोटो दोन्हीकडचे निम्मे निम्मे हवेत, नाहीतर एका बाजूला कुणीच ओळखता येत नाही आणि ती पोरं उठून जातात.

दोन सेटिंग्ज आधी बदलली नाहीत तर हा खेळ बिघडतो. बहुतेक टॅबचा स्क्रीन अर्ध्या किंवा एका मिनिटात आपोआप बंद होतो आणि पाठ करून बसलेल्याला ते कळतही नाही. ती वेळ वाढवून दहा मिनिटं करा. आणि स्क्रीन आपोआप फिरणं बंद करा, नाहीतर टॅब जरा कलला की आजी आडव्या होतात.

दुसरा खेळ मोठ्या पोरांचा, आठ वर्षांच्या पुढच्यांचा. निर्जीव वस्तू चालवून दाखवणारी फिल्म. वस्तू किंचित सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. स्टॉप मोशन स्टुडिओसारखं ॲप हे फोटो ओळीने जोडून पळवतं. सेकंदाला पाच फोटो धरले तर दहा सेकंदांच्या फिल्मला पन्नास फोटो लागतात आणि एवढ्यात एक-दीड तास सहज निघतो. सामान कार्यालयातच पडलेलं असतं. समजा एक सुपारी पानातून पळून जाते आणि अक्षतांची रांग तिच्या मागे लागते, एवढीच गोष्ट आहे. एकजण सुपारी सरकवतो, दोघं अक्षता, एकजण बटण दाबतो आणि एकजण फक्त ‘हात काढा!’ ओरडतो. हा शेवटचा भिडू अगदी गरजेचा, कारण प्रत्येक फिल्ममध्ये कुणाचा तरी अंगठा चालताना दिसतोच. सुपारी एका वेळी बोटाच्या पेरापेक्षा कमी सरकवायची. जास्त सरकवली तर ती चालत नाही, उड्या मारते.

यात टॅब हलला की सगळं गेलं. तो दोन लोडांमध्ये किंवा बॅगांमध्ये घट्ट अडकवून ठेवा. ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दाखवायची सोय असते. ती चालू ठेवली की टॅब सरकलाय हे लगेच कळतं, कारण जमिनीच्या फरशीच्या रेघा दुहेरी दिसू लागतात. खिडकीजवळ बसू नका, ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते.

बाकी तयारी फार नाही. कार्यालयात नेट मिळेल असं गृहीत धरू नका. घरीच विमान मोड चालू करून प्रत्येक खेळ एकदा उघडून बघा, जो उघडत नाही तो काढून टाका. नेट बंद असलं की बऱ्याचशा जाहिरातीही येत नाहीत. पोरांनी खेळ सोडून भलतीकडे शिरू नये म्हणून टॅब एकाच ॲपवर अडकवून ठेवता येतो. अँड्रॉइडमध्ये त्याला ॲप पिनिंग म्हणतात, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस. दोन्हीतून बाहेर पडायला पासवर्ड ठेवता येतो, आणि तो पोरांसमोर टाइप करायचा नाही. आवाज शून्यावर ठेवा. बँड आणि माइकपुढे ऐकू काहीच येत नाही, पण मंगलाष्टकं चालू असताना नेमका तोच आवाज सभागृहभर जातो. पंगतीनंतर हात धुऊन पुसल्याशिवाय टॅब द्यायचा नाही. ओल्या किंवा तुपट बोटांना स्क्रीन नीट दाद देत नाही आणि पोरं मग जोरजोरात ठोकतात.

राहता राहिला टॅब सांभाळायचा प्रश्न. नवरा-नवरीच्या आई-वडिलांकडे तो देऊ नका, त्यांना दिवसभरात दहा जणं हाका मारतात. दोनदा साडी बदलणाऱ्या मावशीकडेही नको. गुडघे दुखतात म्हणून सकाळपासून एकाच खुर्चीवर बसलेल्या आत्या प्रत्येक लग्नात असतात. टॅब, चार्जर आणि पॉवर बँक त्यांच्या पिशवीत ठेवा. पोरं त्यांच्याकडे मागायला येतील तेव्हा त्या आधी नावं विचारतील, मग कुणाचा कोण ते विचारतील, आणि मगच पिशवी उघडतील.