आठाची की बाराची?

तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी आठ तासांची हवी की बारा तासांची, असे विचारले तर दोडामार्ग-सावंतवाडीहून मोटरसायकलने येणारे बाराचीच मागतील, असा माझा अंदाज. चोवीस तास चालणाऱ्या विभागात चार तुकड्या असल्या, तर दोन्ही पद्धतींत माणशी आठवड्याला सरासरी ४२ तासच भरतात. आठाच्या पद्धतीत दोन सकाळी, दोन दुपारी, दोन रात्री आणि दोन सुट्ट्या. बाराच्या पद्धतीत दोन दिवस, दोन रात्री आणि चार सुट्ट्या. आठ दिवसांत सहा खेपांऐवजी चार, शिवाय काजूच्या हंगामात बागायतीला वेळ.

पण आवडणारी पाळी दमवत नाही, असे नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या २०१२ मधील मोठ्या अभ्यासात ऐंशी टक्क्यांहून अधिक जणी आपल्या वेळापत्रकावर खूश होत्या, तरी लांब पाळ्या करणाऱ्यांत कामाने पिचून जाण्याचे प्रमाण जास्त होते. फोकार्ड आणि लोम्बार्डी यांनी २००६ मध्ये केलेल्या अंदाजानुसार बारा तासांच्या पाळीत अपघाताचा धोका आठ तासांच्या तुलनेत सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. सलग चौथ्या रात्री तो पहिल्या रात्रीपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त असतो. म्हणजे बारा तास ठेवलेच, तर दोनच रात्री सलग लावणे फार महत्त्वाचे. सुट्टीत दुसरीकडे राबणाऱ्याचा थकवा मात्र या हिशेबात येत नाही.

बाराच्या बाजूने दुसरा मुद्दा म्हणजे चार्ज देणे-घेणे दिवसाला तीनऐवजी दोनदाच होते. निरोप हरवला की काय होते, हे ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर दिसले. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा-झडप काढलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. तोच पंप सुरू झाला आणि १६७ माणसे गेली. तिथेही पाळ्या बारा तासांच्याच होत्या. चार्ज कमी वेळा दिला तरी तो देणारा बारा तास उभा असतो. म्हणून अर्धवट काम यंत्राशेजारी उभे राहून दाखवावे, वहीवर सही करून सुटू नये.

खरी परीक्षा रिलिव्हर न आल्यावर होते. आठाच्या पद्धतीत आधीचा चार तास थांबतो, नंतरचा चार तास आधी येतो; दोघांचेही बारा होतात. बाराच्या पद्धतीत तसेच निभावायचे म्हटले, तर दोघांचे अठरा. जिथे पावसाळ्यात रस्ते तुंबून माणसे खोळंबतात आणि राखीव माणूस नाही, तिथे मी तरी बाराची पाळी लावणार नाही, कामगारांनी हात वर केले तरीही. राखीव माणूस असेल, तर तीन महिने लावून पाहावी आणि रात्रीच्या शेवटच्या तीन तासांतल्या चुका वेगळ्या मोजाव्यात.