झाडाखालचा फोटो आणि चेहऱ्यावरचे कवडसे

आंब्याखाली फोटो काढताना पानांतून आलेले कवडसे चेहऱ्यावर पडतात. कवडसा सावलीपेक्षा कितीतरी पट उजळ असल्याने कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत. कपाळ पांढरेफटक पडते किंवा डोळे काळवंडतात. अशा वेळी ऊन येते त्या दिशेला, चौकटीच्या जरा बाहेर, पांढरा अर्धपारदर्शक डिफ्यूझर धरावा. कवडसे कापडावर पडतात आणि तिथून विखुरलेला प्रकाश चेहऱ्यावर सारखा पसरतो. कापड गालाला अगदी जवळ धरले तर डाग पुसट दिसत राहतात. ते हळूहळू दूर न्यावे. गालावर एकही उजळ कड उरली नाही की अंतर जमले. मात्र चेहऱ्यावरचा प्रकाश घटतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवले की मागची उन्हातली पाने भगभगीत होतात, म्हणून पाठीमागे दाट सावली असेल अशी जागा निवडावी.