पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ नव्हे

जुन्नर-आंबेगावकडून सागरी परिसंस्थेच्या अभ्यासाकडे वळलेल्या आपल्यासारख्यांना प्रवाळ आधी पेपरमध्येच भेटतं. महाराष्ट्रात ते पाहायचं तर मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. तिथेही ब्लीचिंगची नोंद झालेली आहे. पण लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना पहिली गफलत इथेच होते: 'ब्लीच झालं' आणि 'मेलं' हे आपण एकच धरतो.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बरंचसं अन्न ते पुरवतं आणि रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी जास्त दिवस तापलं की या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ शैवाल गमावतं. मग पारदर्शक ऊतीतून पांढरा सांगाडा दिसतो. प्रवाळ तेव्हा जिवंत असतं, फक्त उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवाल पुन्हा वाढतं. नाही निवलं तर ऊती झडते आणि उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी तंतू चढतात. म्हणून सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं, हे आधी बघा. ऐन उन्हाळ्यातला 'ब्लीचिंग'चा आकडा मृत्यूचा आकडा नसतो.

उष्णता मोजायचं नेहमीचं माप म्हणजे 'डिग्री हीटिंग वीक'. समजा, एखाद्या ठिकाणी सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी 30 अंश आहे आणि पाणी चार आठवडे 31.5 अंशांवर राहिलं. दीड गुणिले चार, म्हणजे 6. साधारण 4 ला ब्लीचिंग अपेक्षित असतं, 8 च्या पुढे मोठ्या प्रमाणावर मृत्यू. पण हा अंदाज आहे, निकाल नव्हे. हे माप उपग्रहाच्या तापमानावरून काढतात, आणि गढूळपणा किंवा प्रवाळाची जात त्यात धरलेली नसते.

आता लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. तिथे 1998, 2010 आणि 2016 मध्ये मोठं ब्लीचिंग झालं. यादव, अल्कोव्हेरो आणि आर्थर यांच्या 2018 च्या पेपरनुसार दर खेपेला मरणाऱ्या प्रवाळाचं प्रमाण कमी होत गेलं. एवढंच वाचलंत तर वाटेल, प्रवाळ सरावलं! पण त्याच पेपरमध्ये जिवंत प्रवाळाचं आच्छादन 1998 च्या 51.6 टक्क्यांवरून 2017 मध्ये 11 टक्क्यांवर आलेलं आहे. कारण सावरण्याचा वेग मंदावला. पहिल्या दोन घटनांमध्ये बारा वर्षं मिळाली होती, पुढच्या दोनांमध्ये फक्त सहा. तग धरणं आणि सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून तुमच्या तक्त्यात ब्लीचिंग, मृत्यू आणि सावरणं यांना तीन वेगळे रकाने द्या, प्रत्येकापुढे सर्वेक्षणाची तारीख लिहा. शैवालासाठी चौथा ठेवा. 2018 मध्ये त्याचं वर्गीकरण बदललं: जुन्या पेपरमधला 'क्लेड डी' आज 'ड्युरुस्डिनियम' आहे. हे ठाऊक नसेल तर एकच शैवाल तुम्ही दोनदा मोजाल.