वर येताना श्वास सोडत राहा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत दोन तऱ्हेचे पर्यटक पाण्यात उतरतात. काहींच्या तोंडात स्नॉर्कलची नळी असते, तर काहींच्या पाठीवर हवेचे सिलिंडर. समजा, दोघे ५ मीटर खोलीवर शेजारी शेजारी आहेत. स्नॉर्कलवाल्याने वर छातीभर श्वास घेऊन बुडी मारली आणि तोच श्वास धरून तो परत वर गेला. त्याला काही होणार नाही. सिलिंडरवाल्याने मात्र खाली, त्या ५ मीटरवर, छातीभर श्वास घेतला आणि तो धरून वर गेला, तर त्याचे फुप्फुस फाटू शकते. खोली तीच आणि वर येण्याचा वेगही तोच. फरक पडतो तो श्वास कुठे घेतला यामुळे.

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरण म्हणतात. समुद्रात दर १० मीटर खाली गेले की त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे ५ मीटरवर दीड वातावरण, १० मीटरवर दोन. दाब जितका वाढेल तितकी हवा आक्रसते, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडले. आता आपले दोघे पाहू. स्नॉर्कलवाल्याच्या छातीत वरून घेतलेली ६ लिटर हवा आहे. ५ मीटरवर ती आक्रसून ४ लिटर होते आणि वर आल्यावर पुन्हा ६ लिटर. जेवढी नेली तेवढीच परत आली. सिलिंडरवाल्याने मात्र दीडपट दाबाची ६ लिटर हवा खालीच भरून घेतली. वर येईपर्यंत तिला ९ लिटर जागा लागते आणि छातीत मावतात सहाच.

दाबाखालची हवा घ्यावीच का लागते, लांब नळी लावून वरचीच हवा का ओढू नये, असे पुष्कळांना वाटते. पण अवघ्या एक मीटर खोलीवरही पाणी छातीवर इतका भार टाकते की वरची साध्या दाबाची हवा आत ओढायला बरगड्यांच्या स्नायूंना फार काळ जमत नाही. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली शिळी हवा साचते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत येते. म्हणून स्नॉर्कलची नळी वीतभर-दोन वितींचीच असते. त्याहून खाली राहून श्वास घ्यायचा, तर भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा मिळायला हवी. तोंडात धरायचा रेग्युलेटर नेमके तेच करतो.

हवा आक्रसण्याचा पहिला फटका कानांना बसतो. पडद्याच्या आत मधल्या कानात हवेची बंद पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकामागे घशात उघडते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. देशावरून आंबोली घाट उतरून कोकणात येताना कान दडे बसल्यासारखे होतात, ते यामुळेच. अख्खा घाट उतरताना जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात एक मीटरही खाली न जाता वाढतो. घाट उतरायला अर्धा तास लागतो, इथे दोन सेकंद पुरतात. त्यामुळे पाण्यात नुसते आपोआप मोकळे होण्यावर कान सोडता येत नाहीत.

नाक चिमटीत धरायचे, तोंड मिटायचे आणि नाकातून हळूच फुंकायचे. दोन्ही कानांत बारीक टक् होते. काहींना नाक धरून नुसता आवंढा गिळला तरी जमते. खरी गोम पद्धतीत नसून वेळेत आहे. पाण्यावर असतानाच एकदा कान मोकळे करायचे, मग अर्ध्या-पाऊण मीटरला एकदा, आणि तेही दुखायच्या आधी. दुखेपर्यंत थांबले की बाहेरचा दाब इतका वाढलेला असतो की नळीचे तोंड आवळून बसते आणि फुंकून उघडत नाही. नवशिका तिथे जोर लावतो. तसे कधीच करू नये, कारण जोराच्या फुंकरीने आतल्या कानाच्या नाजूक पडद्याला इजा होते आणि कायमचा बहिरेपणाही येऊ शकतो. हाताने खूण करून मीटरभर वर यायचे, तिथे कान मोकळे करायचे आणि मगच सावकाश खाली जायचे. तरी जमत नसेल तर त्या दिवशीची बुडी तिथेच सोडून द्यायची. दुखणे सोसत खाली गेले आणि पडदा फाटला, तर थंड पाणी मधल्या कानात शिरून गरगरायला लागते आणि वर कुठे, खाली कुठे हेच समजेनासे होते. सर्दी असेल तर उतरूच नये. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरलेल्याचा तिचा अंमल खाली असताना संपतो, आणि मग वर येताना फुगलेली हवा कानातून बाहेर पडत नाही. कानात बोळे घालणेही चूक, कारण बोळ्याच्या आत अडकलेल्या हवेचा दाब सारखा करायला वाटच नसते. पोहण्याचा गॉगल चालत नाही, त्याचेही कारण हेच. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असते, त्यामुळे नाकाने थोडी हवा सोडून मास्क चेहऱ्यावर आवळणे थांबवता येते.

कान निदान दुखून सांगतात. फुप्फुस ताणले जात असताना भरवशाची कसली सूचना मिळत नाही. धोका उथळ पाण्यात कमी असेल, हा समज तर अगदी उलटा आहे. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवा एक-तृतीयांशाने फुगते, पण शेवटच्या १० मीटरमध्ये ती दुप्पट होते. पूर्ण भरलेल्या फुप्फुसाला वरचे दीड मीटरही पुरू शकतात, म्हणजे पोहण्याच्या तलावाची खोली.

मालवणला येणाऱ्यांपैकी अनेकांना पोहताही येत नसते. इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो, सारे ठीक चाललेले असते, आणि मास्कमध्ये थोडे पाणी शिरते. माणूस दचकतो, दचकला की श्वास आपसूक अडतो, आणि तसाच तो वरच्या उजेडाकडे हातपाय मारू लागतो. हाच तो क्षण. चांगला इन्स्ट्रक्टर अशा वेळी त्याला घट्ट धरून श्वास सोडायची खूण करतो, बुडबुडे दिसेपर्यंत सोडत नाही. म्हणून बोटीवर किंवा कमरेभर पाण्यात आधी मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढायला शिकवा, असा आग्रह धरावा. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, हेही तिथेच शिकायचे. जो हे न शिकवता घाईने पाण्यात ढकलतो, त्याच्याबरोबर उतरू नये. खुणाही नीट समजून घ्याव्यात. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘मला वर जायचे आहे’. मजा येतेय म्हणून अंगठा दाखवणाऱ्याला लगेच वर आणले जाते. सारे ठीक आहे, हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

एक सापळा स्नॉर्कलवाल्यांसाठीही आहे. बुडी मारून खाली गेलेल्या मित्राला गंमत म्हणून सिलिंडरवाला आपल्या रेग्युलेटरमधून एक श्वास देतो. त्या एका श्वासाने तो मित्र स्नॉर्कलवाला उरत नाही. सवयीप्रमाणे श्वास धरून तो वर गेला, तर आपल्या हिशेबातल्या सिलिंडरवाल्याचीच गत त्याची होते.

फाटलेल्या फुप्फुसातली हवा जिकडे वाट मिळेल तिकडे जाते. मानेच्या कातडीखाली शिरली तर तिथे दाबल्यावर करकर लागते आणि आवाज बदलतो. छातीच्या पोकळीत शिरली तर फुप्फुस मिटते, छातीत कळ येते, दम लागतो. सर्वात वाईट म्हणजे ती रक्तात शिरून हृदयामार्गे मेंदूत पोहोचते. मग वर आल्यावर काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडतो किंवा पक्षाघातासारखी एक बाजू लुळी पडते, बोलणे अडखळते, दिसेनासे होते. अशा माणसाला आडवे निजवायचे, बसवायचे नाही. बोटीवर ऑक्सिजन असेल तर तो लगेच आणि पूर्ण प्रमाणात द्यायचा. बोट ठरवतानाच तो आहे का, हे विचारून घ्यावे. थोड्या वेळाने बरे वाटले तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण लक्षणे परतू शकतात. मेंदूत शिरलेल्या हवेवर खरा उपचार म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवणारा कक्ष, आणि तो मोजक्याच ठिकाणी असतो. तिथे पाठवायचे की नाही, हे डॉक्टरांना वेळेत ठरवता यावे म्हणून रुग्ण पाण्याखाली सिलिंडरची हवा घेत होता, हे त्यांना सर्वात आधी सांगायचे, खोली दोनच मीटर असली तरी.