एक सुडोकू, उत्तरं १,९०५!

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ २००५ साली स्काय वन वाहिनीने एका टेकडीच्या उतारावर सुडोकू कोरलं. बाजू तब्बल २७५ फूट! जाहिरात म्हणून झकास. पण नंतर कळलं, की या कोड्याला एक नाही, १,९०५ बरोबर उत्तरं आहेत.

असं होतं कसं? सुडोकू बनवणारा प्रोग्रॅम आधी सगळी ८१ घरं नियमाने भरतो आणि मग एकेक अंक पुसत जातो. प्रत्येक वेळी पुसल्यावर ‘अजून उत्तर एकच आहे ना?’ हे सॉल्व्हरने बघायचं. गंमत इथेच होते. बरेच हौशी सॉल्व्हर पहिलं उत्तर सापडलं की थांबतात, आणि ते मूळ भरलेल्या चौकटीशी जुळलं की कोडं पास! चौकट भरताना आणि सोडवताना, दोन्हीकडे घरं ओळीने घेऊन १ ते ९ याच क्रमाने अंक लावले असतील, तर उत्तर जुळणारच. दुसरं उत्तर मागे लपलेलं असलं तरी!

म्हणून सॉल्व्हरने उत्तरं मोजायची. किती? फक्त दोनपर्यंत. दुसरं सापडलं की थांबायचं आणि शेवटचा पुसलेला अंक परत ठेवायचा. सगळी मोजायला बसाल तर रिकाम्या चौकटीला ६,६७०,९०३,७५२,०२१,०७२,९३६,९६० उत्तरं आहेत. बसा मोजत!

मोजायचा कंटाळा असेल तर एक युक्ती. तोच सॉल्व्हर, घरांचा क्रम तोच, पण एकदा अंक १ ते ९ लावायचे, एकदा ९ ते १. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, तर दुसरं उत्तर नाहीच. मला ही पडताळणी फार आवडते, कारण मोजणाऱ्याचीच परीक्षा होते.

भरपूर अंक दिले म्हणजे सुटलो? छे! ८१ पैकी ७७ अंक देऊनही दोन उत्तरं राहू शकतात. समजा, पहिल्या ओळीत पहिल्या आणि चौथ्या घरात ३ आणि ७ आहेत, दुसऱ्या ओळीत त्याच जागी ७ आणि ३. ही चारच घरं पुसा. आता ३ आणि ७ची अदलाबदल केली तरी ओळी, स्तंभ, चौकोन, कुणाचीच तक्रार नाही. चारांपैकी एक अंक परत दिला की भांडण मिटतं.

काही कोडी तर सॉल्व्हर न चालवताच बाद करता येतात. दिलेल्या अंकांत ८ आणि ९ दोन्ही कुठेच नसतील, तर उत्तरात त्यांची अदलाबदल केली की दुसरं उत्तर तयार.

आणि किमान किती अंक हवेत? १७. डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी संगणकाला जुंपून २०१२ साली दाखवून दिलं, की १६ अंकांचं एकच उत्तर असलेलं सुडोकू अस्तित्वातच नाही. त्यामुळे तुमचा सॉल्व्हर १६ अंकांच्या कोड्याला ‘उत्तर एकच’ म्हणाला, तर पेढे वाटू नका. मोजणीच्या कोडमधला बग शोधा.